पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा वारा: तो सापडला कसा?

मुंबईहून लंडनला जायला विमानाला साधारण दहा तास लागतात आणि परत यायला नऊच्या आसपास. विमान तेच, अंतरही तेच. शेजारच्या सीटवरच्या माणसाला कारण विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून." या उत्तरात एक मोठी अडचण आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमानाखालून जमीन सरकत असती, तर पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला मुक्कामाचं गाव स्वतःहून सामोरं आलं असतं आणि लंडनला जातानाच वेळ कमी लागला असता. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा या फरकात हात आहे खरा, पण तो आडवाटेने. मधला दुवा म्हणजे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा अरुंद पट्टा, जेट स्ट्रीम.

हा वारा माणसाला फार उशिरा कळला, आणि ज्याने तो आधी मोजला त्याचं म्हणणं बराच काळ कोणाच्या कानावर पडलं नाही.

जपानमध्ये टोकियोच्या ईशान्येला ताटेनो इथे वरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा होती. वासाबुरो ओइशी तिचे प्रमुख. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी फुगे सोडून वाऱ्याची सुमारे १,३०० निरीक्षणं घेतली. पद्धत साधी होती. हायड्रोजन भरलेला रबरी फुगा ठरावीक वेगाने वर चढतो. म्हणजे सोडल्यापासून किती मिनिटं झाली त्यावरून त्याची उंची कळते. तो आडवा कुठे गेला हे कळण्यासाठी जमिनीवर थिओडोलाइट लावून माणूस बसतो, म्हणजे जमीन मोजणारे वापरतात तशी दुर्बीण, आणि ठरावीक वेळाने दोन कोन टिपतो: फुगा कोणत्या दिशेला आहे आणि क्षितिजापासून किती वर दिसतो. समजा उंची ९ किलोमीटर झाली आहे आणि फुगा क्षितिजापासून फक्त १० अंश वर दिसतो. मग तो आपल्यापासून सुमारे ५१ किलोमीटर दूर वाहत गेला आहे. लागोपाठच्या दोन नोंदींतलं अंतर काढलं की त्या थरातल्या वाऱ्याचा वेग हातात येतो.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. फुगा ढगात शिरला की निरीक्षण संपलं. ताटेनोच्या बाजूला हिवाळ्यात आकाश बरेचदा निरभ्र असतं, म्हणून फुगा दूरवर दिसत राहायचा. २ डिसेंबर १९२४ ला नऊ किलोमीटरच्या आसपास नोंद झाली सेकंदाला ७२ मीटरची, म्हणजे ताशी जवळजवळ २६० किलोमीटर. एका मिनिटात फुगा चार किलोमीटरहून जास्त पुढे जात होता. त्या काळी इतका वारा कोणी गृहीतही धरत नव्हतं.

ओइशींनी १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत. ते एस्पेरांतोचे कट्टर पुरस्कर्ते होते. जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांना वाचता यावं म्हणून त्यांनी ही भाषा निवडली, पण ती वाचणारे हवामानतज्ज्ञ जपानबाहेर जवळजवळ नव्हतेच. मला या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानने याच वाऱ्यावर भरवसा ठेवून कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून ते पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले. अमेरिकेच्या वैमानिकांची मात्र या वाऱ्याशी गाठ पडली ती थेट हवेत.

२४ नोव्हेंबर १९४४ ला मारियाना बेटांवरून १११ बी-२९ बॉम्बर टोकियोवर निघाले. नऊ किलोमीटरच्या आसपास, वारा पाठीशी घेऊन येताना काही विमानांचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे गेला. निशाणा धरण्याची यंत्रं एवढ्या वेगासाठी बनलेलीच नव्हती. ज्या विमान कारखान्यासाठी ही मोहीम होती, त्यावर बॉम्ब टाकू शकली फक्त २४ विमानं.

हा वारा तिथेच, तेवढ्याच उंचीवर आणि पूर्वेकडेच का वाहतो? विषुववृत्ताकडची हवा गरम, म्हणून फुगलेली. ध्रुवाकडची थंड, म्हणून दबलेली. त्यामुळे दहा किलोमीटर उंचीवर उभं राहून पाहिलं, तर गरम बाजूला डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक असते आणि थंड बाजूला कमी. म्हणजे त्या उंचीवर गरम बाजूचा दाब जास्त. जितकं वर जावं तितका हा फरक साठत जातो, म्हणून वाराही उंचीबरोबर वाढतो. तपांबराच्या माथ्यावर तो सर्वांत जोरात असतो, कारण त्याच्या वर तापमानाचं गणित उलटतं. आता जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे ध्रुवाच्या दिशेने निघालेल्या हवेला पृथ्वीचं फिरणं वाटेत वळवतं: उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, पूर्वेकडे. जिथे तापमानाचा उतार सर्वांत तीव्र, तिथे वाऱ्याचा पट्टा सर्वांत जोरदार. हिवाळ्यात ध्रुवाकडचा भाग गारठतो, विषुववृत्ताकडे फारसा फरक पडत नाही, म्हणून उतार वाढतो आणि वाराही. जपानच्या पश्चिमेला गोठलेला आशिया खंड आणि दक्षिणेला, पूर्वेला उबदार समुद्र, त्यामुळे ओइशींच्या दुर्बिणीवर जगातला एक अतिशय जोरदार जेट वाहत होता.

दक्षिण गोलार्धातला तोच वारा न कळल्याची किंमत २ ऑगस्ट १९४७ ला मोजावी लागली. 'स्टार डस्ट' नावाचं लँकास्ट्रियन विमान ब्युनोस आयरेसहून अँडीज ओलांडून सँतियागोकडे, म्हणजे पश्चिमेला निघालं होतं. विमानात अकरा जण होते. डोंगरांवर ढग होते, म्हणून चालकांनी ते सुमारे ७,३०० मीटरपर्यंत चढवलं. खाली काही दिसत नसताना वेग, दिशा आणि घड्याळ यांवरून आपण कुठे आहोत हे काढायचं, ही तेव्हाची रीत. हिशेबाने अँडीज मागे पडले होते. त्यांनी सँतियागोला आपण चारच मिनिटांत पोचत असल्याचा संदेश पाठवला आणि विमान गायब झालं. तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीतून त्याचे अवशेष वर आले ते पन्नास वर्षांनी. पर्वत सँतियागोच्या सुमारे ८० किलोमीटर अलीकडे आहे. तपासातून पुढे आलेलं स्पष्टीकरण असं: समोरून येणाऱ्या जेटने विमानाला इतकं मागे रेटलं होतं की ढगातून खाली उतरताना डोंगर अजून पुढेच होते. विमानातला काटा हवेच्या तुलनेतला वेग दाखवतो, जमिनीच्या तुलनेतला नाही. खालची जमीन दिसत नसेल तर समोरचा वारा कळायला मार्गच नव्हता.

त्याच सुमारास शिकागो विद्यापीठात कार्ल-गुस्ताफ रॉसबी आणि त्यांचे सहकारी या प्रवाहाचा सिद्धान्त मांडत होते. 'जेट स्ट्रीम' हे नाव रुळलं ते त्यांच्यामुळे. वेळापत्रकात मात्र हा वारा उतरला १९५२ मध्ये. १८ नोव्हेंबरला पॅन अ‍ॅम कंपनीच्या स्ट्रॅटोक्रूझर विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना ७,६०० मीटरवर तो मुद्दाम पकडला. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. एरवी वाटेत वेक बेटावर उतरून इंधन घ्यावं लागे, तो थांबाही गेला. ओइशींच्या फुग्याला तोवर अठ्ठावीस वर्षं होत आली होती.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, असं पुष्कळांना वाटतं. न्यूयॉर्क ते लंडन अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वाटभर वारा १५० धरू. पूर्वेकडे वेग १,०५० होतो आणि ५ तास १७ मिनिटं लागतात. पश्चिमेकडे ७५० उरतो आणि ७ तास २३ मिनिटं लागतात. दोन्ही मिळून १२ तास ४० मिनिटं. वारा नसता तर १२ तास १९ मिनिटांत जाऊन येणं झालं असतं. कारण साधं आहे: वारा विरोधात असताना विमान त्यात जास्त वेळ अडकून राहतं, साथीला असताना कमी वेळ राहतं. म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्याने त्याला बगल देणंच शहाणपणाचं. हा पट्टा काहीशे किलोमीटर रुंद आणि जेमतेम काही किलोमीटर जाड असतो, त्यामुळे ते जमतंही. उत्तर अटलांटिकवरच्या विमानांसाठी गँडर आणि शॅनविक ही हवाई नियंत्रण केंद्रं रोज नवे मार्ग आखत आली आहेत: रात्री पूर्वेकडे निघणाऱ्यांसाठी जेटच्या आतून, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी त्याला टाळून. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीची मर्यादा मात्र त्याने ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

आपल्याकडे हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून एक जेट वाहतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो हिमालयापलीकडे सरकतो. मग दक्षिण भारतावर चक्क उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट उभा राहतो. भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन केलं. पण त्याचा गाभा साधारण पंधरा किलोमीटरवर, प्रवासी विमानांच्याही वर असतो, म्हणून लंडनच्या विमानाला त्याचा फारसा उपयोग नाही.

भारतातून या वाऱ्याचा पुरेपूर वापर झाला तो दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर. एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेलं, तरी पहिलं विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. त्या वाटेवर ते जपानजवळून, ओइशींच्या वाऱ्यातून जात होतं. परतताना ते पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून दिल्लीला यायचं.