पाटी, गिऱ्हाईक आणि डोक्यातली जागा

माझा मावसभाऊ पुण्याजवळ मोशीत पिठांचं दुकान काढतोय: भाजणी, मेतकूट, थालीपिठाचं पीठ, आंबोळीचं पीठ. फ्लेक्सवाल्याने पाटीवर काय लिहायचं ते विचारलं, तेव्हा याचा मला फोन आला. "दादा, ब्रँड, पोझिशनिंग, टार्गेट कस्टमर, सगळे हे तीन शब्द सांगतात. यात वेगळं वेगळं काय आहे?" प्रश्न रास्त होता. हे तीन शब्द एका दिवसात जन्मलेले नाहीत. वेगवेगळ्या काळात व्यापाऱ्यांना वेगवेगळ्या अडचणी आल्या आणि त्यातून एकेक शब्द निघाला. गंमत म्हणजे, ते ज्या क्रमाने आले त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने नव्या दुकानदाराने ते वापरायचे असतात.

सगळ्यात जुना शब्द ब्रँड. मूळ अर्थ डाग देणं: गुरं कोणाची हे कळावं म्हणून तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. व्यापारातही तिचं काम तेच होतं, माल कोणाचा हे सांगणं. पूर्वी साखर पोत्यातून यायची आणि तेल पिंपातून. पुडी बांधून देणारा वाणी हाच काय तो मालाचा जामीन. कारखानदाराचा माल बंद डब्यात दूरच्या गावी जाऊ लागला तेव्हा मधला वाणी गॅरंटी देईना, आणि खुणेची नक्कलही होऊ लागली. म्हणून ब्रिटनने खुणांच्या नोंदणीचा कायदा केला. 1 जानेवारी 1876 रोजी तिथे नोंदलेली पहिली खूण होती बास या बिअरचा लाल त्रिकोण. यात लक्षात ठेवायचं ते एवढंच की खूण ही आधीपासून लोकांना हव्या असलेल्या मालावर बसत होती. खुणेमुळे कोणाला तहान लागली नव्हती.

टार्गेट कस्टमर हे नाव नंतरचं, पण कल्पना मोटारींच्या धंद्यात आधीच आली होती. फोर्डने 1908 पासून एकच मॉडेल सगळ्यांना विकलं, आणि काही वर्षं तर फक्त काळ्या रंगात. भाव उतरत गेले, खप वाढत गेला. मग 1920च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने वेगळा हिशेब मांडला: प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक कामाला वेगळी गाडी. शेवरोले खालच्या पायरीवर, कॅडिलॅक वरच्या. सगळ्यांना एकच वस्तू विकण्यापेक्षा गिऱ्हाइकांचे गट पाडावेत, या विचाराला 1956 मध्ये वेन्डेल स्मिथ यांनी लेख लिहून शास्त्रातलं नाव दिलं. त्या गटांतला आपण निवडलेला गट म्हणजे टार्गेट कस्टमर.

पोझिशनिंग आलं सगळ्यात शेवटी. 1969 मध्ये जॅक ट्राउट या अमेरिकन जाहिरातवाल्याने एका व्यापारी मासिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की बाजारात माल इतका झालाय की गिऱ्हाइकाच्या डोक्यात प्रत्येक वस्तूसाठी दोन-चार नावंच मावतात. तेव्हा आपली जागा मालात शोधू नका, त्या डोक्यात शोधा. तिथे आधी कोण बसलंय ते बघा आणि त्याच्या संदर्भाने आपण कोण ते ठरवा.

नेमक्या त्याच 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल धुण्याची पावडर विकू लागले. गुजरात सरकारच्या खाण खात्यात ते केमिस्ट होते, आणि पुड्या सायकलवरून दारोदार पोचवायचे. मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून पावडरीचं नाव ठेवलं निरमा. या माणसाने ट्राउटचा लेख वाचला असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण तिन्ही शब्द सर्वात स्वच्छ दिसतात ते याच गोष्टीत.

त्या वेळी पावडर म्हणजे सर्फ, आणि सर्फ बऱ्यापैकी पैसेवाल्या घरांत. बाकीची बहुतेक घरं साबणाच्या वडीने कपडे घासत होती. निरमाचा भाव सर्फच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात होता. वरवर पाहता ही सर्फशी भावाची मारामारी वाटते, पण निरमाचं पहिलं गिऱ्हाईक सर्फवाली बाई नव्हतीच. ते होतं वडी घासणारं घर. त्या घराला पावडर हवी होती, परवडत नव्हती. म्हणूनच सर्फची मोठी कंपनी बराच काळ निर्धास्त राहिली: आपलं गिऱ्हाईक जात नाहीये ना! 1985च्या सुमाराला मात्र वजनाच्या हिशेबात निरमाचा खप सर्फच्या पुढे गेला होता.

सर्फचं उत्तर आपल्याकडच्या वयस्कर वाचकांना तोंडपाठ असेल: मुंबईच्या लिंटास एजन्सीत ॲलेक पदमसींच्या हाताखाली तयार झालेली ललिताजी. तिने भाव उतरवला नाही, हिशेब बदलला. अर्धा किलो सर्फ म्हणजे साध्या पावडरीचा एक किलो. स्वस्त वस्तू निराळी आणि चांगली वस्तू निराळी, हे तिचं म्हणणं. पण यामुळे फार तर स्वतःचं गिऱ्हाईक सांभाळलं गेलं, वडीवाली घरं परत आली नाहीत. त्या घरांसाठी कंपनीला व्हील ही वेगळी स्वस्त पावडर काढावी लागली. तिने निरमाची दुखरी जागा हेरली. निरमात सोडा भरपूर, हात चुरचुरायचे. व्हीलने भावाबरोबर हाताचीही गोष्ट काढली. सर्फचंच नाव स्वस्त पुडीवर छापलं असतं तर ललिताजीचा सगळा हिशेब बुडाला असता.

आता मोशी. भावाला म्हटलं, पाटीचं मागून बघू. आधी सांग, तुझं दुकान नसतं तर हे पीठ घ्यायला माणूस कुठे गेला असता? तो म्हणाला, सुपरमार्केटात. मी म्हटलं, चार दिवस संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून बघ. त्याने पाहिलं. चाकणच्या कंपन्यांच्या बसमधून सात-साडेसातला उतरणारी जोडपी भाजी आणि ब्रेड घेऊन घरी जात होती. पाच-सहा जणांशी बोलला तेव्हा कळलं की भाजणी त्यांच्याकडे सासर-माहेराहून डब्यात येते, महिन्याभरात संपते आणि मग पुढच्या सुट्टीपर्यंत थालीपीठ बंद. म्हणजे त्याची बरोबरी सुपरमार्केटच्या पाकिटाशी नव्हतीच. त्या डोक्यात आईचा डबा बसला होता.

एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. डब्याहून चांगली भाजणी विकायला गेलास तर हरशील, मी म्हटलं. डबा संपल्यापासून पुढचा येईपर्यंतची जागा धर. त्यावर त्यानेच अर्ध्या किलोच्या पुड्या ठरवल्या, भाजल्याची तारीख शिक्क्याने मारायची ठरवली, दुकान दुपारी बंद आणि रात्री साडेनऊपर्यंत उघडं. आंबोळीचं पीठ तूर्त काढून टाकलं, कारण त्याचं गिऱ्हाईक या बसमधून उतरत नव्हतं.

राहिली पाटी. त्याला "ताजी भाजणी" हेच नाव हवं होतं. नुसता गुण सांगणारे शब्द आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात सहसा एकट्याच्या मालकीचे होत नाहीत, शेजारचाही उद्या तेच लिहील. गुमास्ता लायसन्स मिळालं म्हणजे नाव आपलं झालं, असंही तो धरून चालला होता. ते लायसन्स दुकान चालवण्यासाठी असतं, नावावर हक्क त्याने येत नाही. नाव वेगळं नोंदवायचं, दुकानाच्या सेवेसाठी पस्तिसाव्या वर्गात, आणि पुडीवर छापायचं असेल तर पिठाच्या वर्गातही. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. टीएम नोंदणीआधीही लिहिता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लिहिला तर गुन्हा.

शेवटी त्याने आजीच्या गावाचं आडवळणाचं नाव निवडलं, आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर तसं कोणी नोंदवलंय का ते शोधून. फ्लेक्सवाला विचारत होता, खाली "शुद्धता हीच ओळख" टाकू का. भाऊ म्हणाला, नको, "रात्री साडेनऊपर्यंत" टाक.