ओक स्कूलमधली यादी: शिक्षकांच्या अपेक्षांवरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

शिक्षकाने एखाद्या मुलाला हुशार मानले की ते मूल खरोखर हुशार होत जाते, हे विधान शिक्षक-प्रशिक्षणात आणि पालकांच्या सभेत हमखास ऐकू येते. त्यामागे कॅलिफोर्नियातील साउथ सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग आहे. तो नेमका काय होता आणि पुढे त्याचे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

आधीची गोष्ट उंदरांची. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल यांनी विद्यार्थ्यांना साधेच, एकसारखे उंदीर दिले. काहींना सांगितले, तुमचे उंदीर भूलभुलैयात तरबेज आहेत. काहींना सांगितले, तुमचे मंद आहेत. ‘तरबेज’ उंदीर खरोखरच लवकर वाट शिकले. त्यांना हाताळणाऱ्यांची वागणूकच वेगळी होती. माणसाच्या समजुतीने प्राणी बदलतो, तर मूल का नाही, असा प्रश्न रोझेंथाल यांनी 1963 च्या एका लेखात विचारला. तो वाचून लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेने त्यांना पत्र लिहिले आणि आपली शाळा प्रयोगासाठी देऊ केली.

या प्रयोगावर दोघांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकात या शाळेला ‘ओक स्कूल’ हे टोपणनाव आहे. पहिली ते सहावी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या: हुशार, मध्यम आणि मागे पडलेल्यांची. मे 1964 मध्ये मुलांची एक बुद्धिमत्ता चाचणी झाली. येत्या वर्षात कोणाची बुद्धी झपाट्याने बहरणार ते या चाचणीतून कळते, असे शिक्षकांना सांगण्यात आले. नवे वर्ष सुरू होताना प्रत्येक शिक्षकाला काही नावे मिळाली. शाळेतल्या साधारण पाचातल्या एका मुलाचे नाव त्यांत होते आणि ती सगळी नावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली होती.

वर्षानंतर तीच चाचणी पुन्हा झाली. पहिलीतल्या यादीतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 27 गुणांनी वाढला होता, इतरांचा 12 ने. दुसरीत हेच आकडे सुमारे 16 आणि 7 होते. तिसरीपासून सहावीपर्यंत सांगण्याजोगा फरक दिसला नाही. 1968 मध्ये पुस्तक आले, गाजले, आणि पहिली-दुसरीचा निष्कर्ष सगळ्या शाळांना लागू असल्यासारखा फिरू लागला.

त्याच वर्षी चाचण्यांचे जाणकार रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी आकडे उलगडून पाहिले. पहिलीच्या एका वर्गात तर्कशक्तीच्या भागाचा सरासरी बुद्ध्यंक 31 च्या आसपास होता. इतका कमी बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा अख्खा वर्ग नेहमीच्या शाळेत भरूच शकत नाही. इतक्या लहान वयासाठी ती चाचणी नीट प्रमाणित झालेली नव्हती. म्हणजे सर्वांत मोठी वाढ दिसली तीच मोजपट्टी सर्वांत कच्ची असलेल्या ठिकाणी. माझ्या मते हा आक्षेप आजही टिकतो. 27 हा आकडा कोणी छातीठोकपणे सांगू नये.

तरी कल्पना बाद झाली नाही. 1984 मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी अशा 18 प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले आणि या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगाची गोष्ट सापडली. यादी हाती येण्याआधी शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असेल, तर परिणाम जवळजवळ शून्य. ओळख नवी असेल, तर परिणाम दिसतो. वर्गात रोज दिसणाऱ्या मुलाविषयीचे मत कागदावरच्या नावाने बदलत नाही; अनोळखी मुलाविषयीचे मात्र त्या नावानेच बनते. परिणाम पहिली-दुसरीत, आणि शाळा बदलते त्या सातवीत ठळक होता, तोही बहुधा याचमुळे.

मत बनल्यावर वर्गात काय घडते, ते जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या चार वर्गांत बसून टिपले. शिक्षकाला हुशार वाटणाऱ्या मुलाचे उत्तर चुकले, की प्रश्न पुन्हा विचारला जाई, सोपा करून मांडला जाई, थोडे सुचवले जाई. कच्चे समजलेल्या मुलाचे चुकले, की शिक्षक स्वतः उत्तर सांगून टाकी किंवा दुसऱ्याला उठवी. अशा मुलाने बरोबर उत्तर दिले तरी कौतुक कमी वेळा होई आणि चुकल्यावर बोलणी जास्त बसत. यात शिक्षकाचा हेतू वाईट असावा लागत नाही. मूल सगळ्यांसमोर अवघडू नये म्हणूनही तो पुढे जातो, पण त्या मुलाची विचार करण्याची संधी प्रत्येक वेळी हुकते.

पुढे ली जसिम आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या सहावीच्या गणिताच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षकांचे अंदाज बरेचसे अचूक निघाले, कारण ते मुलाच्या आधीच्या कामगिरीवर बेतलेले होते. चुकीच्या अपेक्षेमुळे गुणांत पडणारा फरक सर्वसाधारणपणे लहान होता. पण कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत तोच फरक कितीतरी मोठा होता.