गोल टाकीतला पाव उंचीचा हिशेब

"चेंडूसारख्या गोल टाकीत पाव उंचीपर्यंत द्रव असला की टाकी पाव भरली, असंच धरायचं ना?"

नाही. उंचीच्या प्रमाणात साठा वाढतो तो उभ्या, सरळ भिंतीच्या टाकीत. गोलाचा तळ अरुंद असतो आणि मध्य रुंद.

आतला व्यास D मीटर असेल तर पूर्ण क्षमता `π × D³ / 6` घनमीटर. 2 मीटर व्यासाला ती 4189 लिटर येते. तळापासून h उंचीपर्यंतचा साठा असा काढा:

`V = π × h² × (3D − 2h) / 6`

याच टाकीत h = 0.5 मीटर घातलं की 654 लिटर येतात, म्हणजे जेमतेम 15.6 टक्के. पाव धरून चाललात तर 1047 लिटर समजाल आणि जवळपास 400 लिटर कमी पडतील. पाऊण उंचीला उलटं होतं, तिथे टाकी 84.4 टक्के भरलेली असते. अंदाज बरोबर येतो तो फक्त निम्म्यावर (आणि रिकाम्या किंवा काठोकाठ टाकीत, पण तिथे मोजायचंच कशाला).

तळाचे पहिले 10 सेंटिमीटर म्हणजे 30 लिटर, तर मध्याच्या लगेच वरचे 10 सेंटिमीटर म्हणजे 313. म्हणून समान खुणांची पट्टी लिटरसाठी वापरू नका. दर 10 सेंटिमीटरला सूत्राने आकडा काढून तोच पट्टीवर लिहा.

व्यास बाहेरून मोजला असेल तर पत्र्याची जाडी दोनदा वजा करा. 2 मीटरच्या टाकीत 10 मिलिमीटर जाडी विसरलात तरी क्षमता सुमारे 125 लिटरने फुगते.