अर्धं चित्र आणि अर्धी वस्तू: चित्रालेख वाचताना होणारी गल्लत

मुलांनो, आधी खालचे दोन चित्रालेख शेजारी शेजारी ठेवून बघा. वहीत काढताना पहिल्यात दुधाची चरवी काढा आणि दुसऱ्यात पोतं. इथे छापायला सोपं म्हणून दोन्हीकडे गोलच घेतला आहे. आकडे सरावासाठी ठरवलेले आहेत.

पहिला: एका घरी सोमवारी आलेलं दूध
प्रमाण: १ चित्र = १ लिटर
सोमवार ● ● ● ◐

दुसरा: उचगावातून बेळगावच्या बाजारात आलेली रताळ्याची पोती
प्रमाण: १ चित्र = १० पोती
उचगाव ● ● ● ◐

दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या आहेत. तीन पूर्ण चित्रं आणि एक अर्धं. पहिल्या ओळीचं उत्तर साडेतीन लिटर. दुसऱ्या ओळीचं मात्र ३५ पोती.

गल्लत होते ती त्या शेवटच्या अर्ध्या चित्रापाशी. दुधाच्या ओळीत अर्धी चरवी म्हणजे खरोखरच अर्धा लिटर दूध. तिथे एक चित्र एकाच लिटरचं आहे, म्हणून चित्राचा अर्धा भाग आणि वस्तूचा अर्धा भाग एकच ठरतो. हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पुढे अर्धं पोतं काढलेलं दिसलं की आपण म्हणतो, 'अर्धं पोतं रताळी.' पण दुसऱ्या चित्रालेखात ते चित्र एका पोत्याचं नाहीच, ते दहा पोत्यांचं आहे. दहा पोत्यांचं चित्र मधोमध कापलं तर उरतात पाच पोती, आणि ती पाचही तोंडापर्यंत भरलेली. बाजारात कुठलंही पोतं अर्धं रिकामं आलेलं नाही.

तर अर्धं चित्र म्हणजे प्रमाणाचं अर्धं. वस्तूचं अर्धं नव्हे. दुधाच्या ओळीलाही हेच लागू आहे, फक्त तिथे प्रमाण १ असल्यामुळे फरक दिसत नाही.

उचगावची ओळ आता सावकाश वाचूया. पहिल्यांदा प्रमाण बघायचं: १ चित्र = १० पोती. चित्रं मोजायच्या आधीच त्याचं अर्धं काढून वहीच्या कडेला लिहून ठेवा: अर्धं चित्र = ५ पोती. मग फक्त पूर्ण चित्रं मोजा. ती ३ आहेत, म्हणून ३ × १० = ३०. शेवटी अर्ध्या चित्राची ५ मिळवा: ३० + ५ = ३५. ती कडेची ओळ लिहायला दोन क्षण लागतात, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच थांबतात, म्हणून ती गाळू नका.

वर्गात या एका ओळीची तीन चुकीची उत्तरं हमखास येतात, आणि प्रत्येक उत्तर बघून कळतं की वाचणारा कुठे घसरला.

कुणी म्हणतं, "बाई, साडेतीन पोती!" त्याने प्रमाण वाचलंच नाही. चित्रं मोजली आणि तोच आकडा सांगितला, म्हणजे रताळ्याची ओळ दुधासारखी वाचली. कुणी ४० सांगतं. त्याने प्रमाण वाचलं आहे, पण अर्ध्या चित्रालाही पूर्ण चित्र धरून चार चित्रं मोजली. तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: साडेतीस. या मुलाने तीन पूर्ण चित्रांची ३० पोती अगदी बरोबर काढली, आणि नेमकं शेवटच्या चित्रापाशी प्रमाण सोडून दिलं. पूर्ण चित्र दहाचं आणि अर्धं चित्र मात्र अर्ध्या वस्तूचं, असं एकाच ओळीत दोन नियमांनी वाचलं. त्याला 'प्रमाण बघ' एवढंच सांगून भागत नाही, कारण त्याने ते बघितलेलं आहे. त्याला विचारायचं, 'दहा पोत्यांची निम्मी किती?' आणि तेच उत्तर अर्ध्या चित्राखाली लिहायला लावायचं.

आता प्रमाण बदलून बघा. चित्रं तीच ठेवायची, ● ● ● ◐. प्रमाण ४ असेल तर अर्धं चित्र २ चं, आणि ओळ १२ + २ = १४ ची. प्रमाण ६ असेल तर अर्धं ३ चं, ओळ २१ ची. २० असेल तर अर्धं १० चं, ओळ ७० ची. चित्राकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी त्यातलं खरं उत्तर कुठलं हे कळणार नाही.

प्रमाण ५ असलं तर? अर्धं चित्र अडीचचं होईल. दुधाला अडीच लिटर चालेल, पण वर्गातली मुलं मोजताना अडीच मुलं होत नाहीत. म्हणून माणसं, बैल, सायकली असं काही मोजलेलं असेल आणि प्रमाण ५ देऊन अर्धं चित्र काढलं असेल, तर चित्रालेख काढणाऱ्याचंच चुकलं आहे. अशा वस्तूंसाठी अर्धं चित्र वापरायचं तर प्रमाण समसंख्या हवं.

आता गावं वाढवूया. प्रमाण तेच, १ चित्र = १० पोती.

उचगाव ● ● ● ◐
बेकिनकेरे ● ● ● ●
अतिवाड ● ● ◐
सुळगा ◐

बेकिनकेऱ्याहून उचगावची पोती कितीने कमी? दोन ओळींत फरक अर्ध्या चित्राचा आहे, पण उत्तर 'अर्ध्याने' नाही, ५ पोत्यांनी. फरकाचंही शेवटी पोत्यांत रूपांतर करावं लागतं. सुळग्याच्या ओळीत एकही पूर्ण चित्र नाही, म्हणून तिथे शून्य समजू नका. तिथे ५ पोती आहेत.

चारही गावांची मिळून किती, हे दोन वाटांनी काढता येतं. गावागावाने ३५ + ४० + २५ + ५ = १०५. नाहीतर आधी सगळी चित्रं एकत्र करा: पूर्ण चित्रं ३ + ४ + २ = ९, आणि अर्धी तीन. दोन अर्ध्यांचं एक पूर्ण झालं, म्हणजे पूर्ण १० आणि एक अर्धं उरलं. १०० + ५ = १०५. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी अर्धं चित्र एक तर सुटलं आहे, नाहीतर पूर्ण धरलं गेलं आहे.

स्वतः चित्रालेख काढताना दोन गोष्टी सांभाळा. अर्धं चित्र म्हणजे लहान चित्र नव्हे. लहानसं पोतं काढलं तर ते पूर्णच दिसतं आणि वाचणारा त्याला १० धरतो. पूर्ण मापाचं पोतं घ्या, मधोमध उभी रेघ मारा आणि एकच बाजू ठेवा.

दुसरी गोष्ट, प्रमाण ठरवण्याआधी सगळे आकडे बघा. ४५ पोती दाखवायची तर ४५ ला १० ने भागा: ४ पूर्ण चित्रं, बाकी ५, म्हणजे एक अर्धं. छान बसलं. पण ४२ असतील तर बाकी २ उरते, आणि दोन काही दहाचं अर्धं नाही. तिथे अर्धं चित्र काढलं तर ते ४५ वाचलं जाईल. प्रमाण ४ घेतलं तर ४२ बसतात, १० पूर्ण आणि १ अर्धं, पण मग ४५ बसत नाहीत, कारण ४ ने भागून बाकी १ उरते. दोन्ही आकडे एकाच चित्रालेखात हवे असतील तर प्रमाण ६ घ्यावं लागतं: ४२ साठी ७ चित्रं, ४५ साठी ७ पूर्ण आणि एक अर्धं. सगळे आकडे बसतील असं प्रमाण सापडलंच नाही, तर अशा वेळी आकड्यांचा साधा तक्ताच बरा.