माइलस्टोनमधल्या पुल रिक्वेस्टांचा पाठपुरावा

एखाद्या सॉफ्टवेअर प्रकाशनाच्या माइलस्टोनमध्ये, म्हणजे त्याच्या कामांच्या यादीत, कबूल केलेल्या पुल रिक्वेस्ट मुदतीपूर्वी मूळ कोडमध्ये सामील होतील की नाही, हे वेळोवेळी तपासून त्यांतल्या कोणत्या धोक्यात आहेत ते जाहीर करण्याचे काम. पुल रिक्वेस्ट म्हणजे एखादा बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी विनंती; बोलताना तिला पीआर म्हणतात. हे काम कोड लिहिणाऱ्याचे नसते आणि तो तपासणाऱ्याचेही नसते. ते तिसऱ्याच माणसाचे असते, आणि कोड पुढे सरकवण्याचा कोणताही अधिकार त्याच्या हातात नसतो. तो फक्त विचारतो, नोंदवतो आणि सांगतो.

या कामाची सर्वांत उघड आणि शिस्तबद्ध पद्धत कुबरनेटीस या मुक्तस्रोत प्रकल्पात दिसते, म्हणून ही नोंद तिच्याच आधाराने पुढे जाते. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात. 2021 पूर्वी त्या सहसा चार असत. एका आवृत्तीची गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी चार महिने थांबावे लागते, त्यामुळे मुदतीच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यांचेच धावपळीचे जातात. प्रत्येक आवृत्तीसाठी स्वयंसेवकांचा नवा प्रकाशन-गट बनतो. त्यातली एन्हान्समेंट्स ही तुकडी पाठपुरावा करते. तिचा एक प्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली शिकणारे काही ‘शॅडो’ असतात. प्रत्येक शॅडोच्या वाट्याला काही वैशिष्ट्ये येतात.

मुख्य मुदती दोन. पहिली एन्हान्समेंट्स फ्रीझ: या आवृत्तीत काय करणार, हे तोपर्यंत लेखी ठरलेले असावे लागते. दुसरी कोड फ्रीझ: त्यासाठीचा कोड तोपर्यंत मंजूर झालेला असावा लागतो. 1.31 या आवृत्तीसाठी कोड फ्रीझ 24 जुलै 2024, बुधवार, 02:00 यूटीसी अशी होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा मंगळवारची संध्याकाळ होती, पुण्यात बुधवारची सकाळ, साडेसात. मुदत ‘मंगळवार’ इतकीच लिहिली तर पुण्यातला अभियंता मंगळवारी रात्री निवांत झोपेल की जागा राहील, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. म्हणून जाहीर सूचनेत वेळ नेहमी यूटीसीसकट देतात.

‘धोक्यात’ म्हणजे काय

बाहेरच्या माणसाला हा शब्द दोषारोपासारखा वाटतो. इथे तो तसा नाही. कोड फ्रीझच्या तपासणीत सगळे पीआर तयार असल्याचे दिसले नाही, की वैशिष्ट्यावर `At Risk for Code Freeze` असा शेरा बसतो. ते पुरावा मिळाला की `Tracked for Code Freeze` होते. म्हणजे शंकेचा फायदा कोणालाच मिळत नाही. ‘झालंच आहे जवळपास’ हे वाक्य कोणी कितीही खात्रीने म्हणाले तरी शेरा बदलत नाही.

पुराव्याचे निकष सोपे आहेत. वैशिष्ट्याच्या मूळ इश्यूच्या, म्हणजे गिटहबवरच्या नोंदीच्या, वर्णनात त्याच्या सगळ्या पीआरचे दुवे असावेत, आणि त्या प्रत्येकावर `lgtm` व `approved` ही दोन्ही लेबले मुदतीपूर्वी लागलेली असावीत. चाचण्यांचे पीआरही यात मोजले जातात. नवखे लोक नेमके इथेच चुकतात.

दोन लेबलांतला फरक कळल्याशिवाय धोका वाचता येत नाही. `lgtm` म्हणजे कोणीतरी जाणकाराने कोड वाचून तो बरा असल्याचे म्हटले. लेखकाने त्यानंतर नवा कमिट, म्हणजे कोडातला नवा बदल, ढकलला की हे लेबल आपोआप निघते, मग बदल स्वल्पविरामाचा का असेना. `approved` मात्र टिकून राहते, पण मिळायला जड जाते. पीआर ज्या ज्या फाइलींना हात लावतो, त्यांच्या फोल्डरमधल्या `OWNERS` यादीतल्या कोणाची तरी मंजुरी लागते. तीन विभागांत पसरलेला छोटासा पीआर म्हणूनच एकाच विभागातल्या मोठ्या पीआरपेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. किती ओळी उरल्या आहेत याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. चेंडू कोणाच्या हातात आहे आणि किती दिवसांपासून आहे, हेच विचारायचे असते.

आकडे कसे फसवतात

गिटहबच्या माइलस्टोन पानावर पूर्णतेची टक्केवारी दिसते. ती बंद झालेल्या नोंदींवरून काढतात आणि तिच्या दृष्टीने मर्ज न होता, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील न होता, बंद केलेला पीआरही ‘पूर्ण’च असतो. शिवाय एखादा रखडलेला पीआर माइलस्टोनमधून काढून टाकला की टक्केवारी वाढते. काम तसूभरही पुढे गेलेले नसते. शेवटच्या आठवड्यात पट्टी झपाट्याने हिरवी होऊ लागली, की आधी वगळलेल्या नोंदी पाहाव्यात.

शोध यंत्राचेही तसेच. मंजुरी नसलेले उघडे पीआर, ज्यांच्यावर सर्वांत जुनी हालचाल आहे ते आधी, असे मागवायचे असेल तर:

```
gh pr list --repo kubernetes/kubernetes --limit 200 \
  --search 'milestone:v1.31 -label:approved sort:updated-asc'
```

`--limit` लिहायला विसरलो तर फक्त पहिले 30 पीआर येतात आणि यादी पूर्ण असल्यासारखी दिसते. दुसरा सापळा ‘शेवटची हालचाल’ या तारखेत आहे. चाचणी पडल्याची बॉटची टिप्पणीही तिथे हालचाल ठरते. त्यामुळे तीन आठवडे कोणा माणसाने न पाहिलेला पीआर कालचा ताजा वाटतो. शेवटची मानवी टिप्पणी आणि शेवटचा कमिट या दोन तारखा हाताने पाहण्याला माझ्या माहितीत तरी पर्याय नाही.

एक उदाहरण

समजा, कुबलेटमध्ये, म्हणजे कुबरनेटीसच्या प्रत्येक यंत्रावर चालणाऱ्या भागात, एक नवे अल्फा, म्हणजे प्रायोगिक, वैशिष्ट्य यायचे आहे. वैशिष्ट्य काल्पनिक, तारखा 1.31 च्या. 10 जुलैला, म्हणजे फ्रीझच्या दोन आठवडे आधी, इश्यूच्या वर्णनात तीन दुवे आहेत. पहिला पीआर नवे एपीआय क्षेत्र आणि फीचर गेट, म्हणजे वैशिष्ट्य चालू-बंद करण्याची कळ, आणणारा. तो मर्ज झाला आहे. दुसरा कुबलेटमधल्या प्रत्यक्ष कोडचा. त्यावर `lgtm` आहे, `approved` नाही, आणि मंजुरी देणाऱ्याला विचारून आठ दिवस झाले आहेत. तिसरा चाचण्यांचा, अजून कच्चा मसुदा.

पाठपुरावा करणारी शॅडो इथे थांबत नाही. फीचर गेटच्या नावाने ती उघड्या पीआरमध्ये शोध घेते, तेव्हा शेड्यूलरमधला चौथा पीआर सापडतो. तो दुसऱ्याच अभियंत्याने उघडलेला आहे, इश्यूत त्याचा दुवा नाही आणि त्यावर `needs-rebase` लागले आहे, म्हणजे तो ताज्या मुख्य शाखेशी जुळवून घ्यायचा राहिला आहे. पाठपुराव्याच्या फलकावर जो पीआर नाहीच, त्याला धोक्यात म्हणायचे कोणी? मुदतीच्या रात्री घात करतो तो बहुधा हाच. म्हणून ‘सगळे पीआर इथेच आहेत ना?’ हा प्रश्न लेखकाला दोन आठवडे आधी आणि मग पुन्हा एकदा विचारायचा असतो.

19 जुलैला चित्र बदलते. मंजुरी देणाऱ्याने दुसरा पीआर पाहिला, एका फंक्शनचे नाव बदलायला सांगितले आणि `approved` दिले. लेखकाने त्याच दुपारी नाव बदलले. `lgtm` गेले. लेखकाच्या मते काम संपले आहे, पहिल्या परीक्षकाच्या मते त्याने कधीच होकार दिला आहे, आणि पीआर मात्र कोणाच्याच हातात नाही. शॅडोची एक ओळ इथे आठवडा वाचवते: ‘शेवटच्या कमिटनंतर `lgtm` निघाले आहे, पुन्हा द्याल का?’

22 जुलै, सोमवार. दुसऱ्या पीआरवर दोन्ही लेबले आहेत. चौथ्याचा रीबेस होऊन तोही मर्ज झाला. आता गर्दी आडवी येते. लेबले पूर्ण झालेले पीआर टाइड नावाचा बॉट स्वतःच मर्ज करतो, पण आधी ताज्या मुख्य शाखेवर त्यांच्या चाचण्या चालवून घेतो. मुदतीआधी ही रांग लांबते आणि एखादी लहरी चाचणी कारण नसताना पडली की `/retest` लिहून पुन्हा वाट पाहावी लागते. त्यामुळे लेबलांची मुदत गाठलेला पीआर मर्ज व्हायला आणखी काही तास जाऊ शकतात. अहवालात हे दोन वेगळे लिहावेत. रांगेतला पीआर आणि मंजुरीविना पडलेला पीआर एकाच लाल रंगात रंगवले, तर वाचणारा दोन्हींकडे दुर्लक्ष करतो.

उरला तिसरा, चाचण्यांचा. त्याचे परीक्षण आज सुरू झाले. त्या संध्याकाळचा अहवाल असा:

```
स्थिती: At Risk for Code Freeze
कारण: चाचण्यांच्या पीआरवर lgtm, approved दोन्ही नाहीत
कोणाकडे: परीक्षक (आज सकाळपासून)
बाकी: कुबलेट पीआर रांगेत, दोन्ही लेबले आहेत
पुढचे पाऊल: मंगळवार 12:00 यूटीसीपर्यंत
            परीक्षण न झाल्यास सूट-अर्ज
```

या अहवालाचा एकक वैशिष्ट्य हा आहे. चारपैकी तीन पीआर मर्ज झाले तरी 75 टक्के काम झाले असे इथे नसते. एक अडला की वैशिष्ट्यच अडले. आणि धोक्याशेजारी ‘कोणाकडे’ व ‘कधीपर्यंत’ नसेल तर तो अहवाल तक्रार होऊन बसतो. नाव व्यक्तीऐवजी भूमिकेचे लिहिले की ती चारचौघांतली कानउघाडणीही ठरत नाही. खासगी आठवण आधी, फलकावरची नोंद नंतर, हा क्रम पाळणाऱ्यांना उत्तरे लवकर मिळतात असा माझा अनुभव आहे.

मुदत चुकल्यावर

फ्रीझ लागताच टाइडचा नियम बदलतो आणि मुख्य शाखेत त्या आवृत्तीचा माइलस्टोन लागलेले पीआरच जाऊ शकतात. माइलस्टोन लावण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो. मागे राहिलेल्या वैशिष्ट्यासाठी सूट मागता येते. अर्जात किती दिवस हवेत, उशीर का झाला, उशिरा घेतल्यास काय बिघडू शकते आणि वगळल्यास काय बिघडेल, हे सांगावे लागते. आपल्या उदाहरणात चाचण्यांसाठी दोन दिवस मागणे रास्त ठरेल, कारण उरलेला बदल उत्पादनाच्या कोडला हात लावत नाही. कुबलेटचा पीआरच राहिला असता तर दोन दिवसांची मागणी कोणाला पटली नसती.

सूट नाकारली गेली तर `/milestone clear` लिहून इश्यू माइलस्टोनमधून निघतो. पण आत गेलेले पीआर आतच असतात, आणि हा प्रश्न अहवालांत क्वचितच मांडलेला दिसतो. अल्फा वैशिष्ट्याचे गेट मुळात बंद असते, म्हणून अर्धवट कोड सहसा निरुपद्रवी ठरतो. तरी एपीआयमध्ये एक क्षेत्र असे उरते ज्याला भरूनही काही घडत नाही, आणि ते तसेच ठेवायचे की मागे घ्यायचे हे ठरवावे लागते. बीटामध्ये गेट आपोआप उघडे असणार असेल तर धोका मोठा. म्हणून अनुभवी लेखक गेट उघडणारा पीआर सगळ्यांत शेवटी ठेवतात. पाठपुरावा करणाऱ्याने तो पीआर इतरांच्या आधी मर्ज झालेला पाहिला, तर बाकी सगळे हिरवे असले तरी ते त्याच दिवशी कळवावे.