रशियन रूले (पाथ ट्रेसिंग)

रशियन रूले : पाथ ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशाच्या यादृच्छिक मार्गांचा माग काढून, संगणकावर प्रतिमा तयार करताना प्रकाशमार्ग कोणत्या परावर्तनानंतर थांबवायचा, हे सोडतीने ठरवण्याचे तंत्र. ठरावीक परावर्तनांनंतर मार्ग सरसकट तोडणाऱ्या बाउन्स मर्यादेहून ते वेगळे आहे. अंदाजाची सरासरी आणि खरे उत्तर यांतील कायमच्या फरकाला अभिनती म्हणतात; मर्यादेमुळे ती निर्माण होते, रूलेमुळे होत नाही.

तंत्राचा उगम संगणकीय चित्रणात नसून न्यूट्रॉनांच्या प्रवासाच्या, यादृच्छिक नमुन्यांवर आधारलेल्या मॉन्टी कार्लो गणनांत आहे. त्याचे श्रेय सामान्यतः जॉन फॉन नॉयमन आणि स्टानिस्लाव उलाम यांना एकत्रितपणे दिले जाते. मूळ कल्पना १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातील असावी. मात्र छापील मांडणी हर्मन कान आणि टी. ई. हॅरिस यांच्या १९५१ च्या लेखात आढळते, आणि तारखेसाठी तोच आधार अधिक भक्कम मानावा लागतो. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये पाथ ट्रेसिंग मांडल्यानंतर चित्रणक्षेत्रात रूले रुजवण्याचे काम जेम्स आर्वो आणि डेव्हिड कर्क यांच्या १९९० च्या निबंधाने केले.

प्रत्येक परावर्तनानंतर मार्ग q या संभाव्यतेने जगवला जातो, आणि जगलेल्या मार्गाचे वजन, म्हणजे त्याच्या पुढील प्रकाशाला उत्तरात लागू होणारा गुणक, q ने भागले जाते. थांबलेल्या मार्गांमुळे बुडालेला प्रकाश या भागाकाराने सरासरीत परत येतो. पुढे काही योगदान शक्य असेल तेथे q शून्य नसावा, एवढीच अट. ‘वजन ०.०१ च्या खाली गेले की थांबा’ हा नियम रूलेसारखा दिसत असला, तरी ही अट तो मोडतो आणि म्हणून अभिनत ठरतो.

फरक पाहण्यासाठी भट्टी चाचणी सोयीची आहे. एका बंद खोलीतील प्रत्येक पृष्ठभाग १ एकक प्रकाश स्वतः सोडतो आणि पडलेल्या प्रकाशापैकी ०.८ परावर्तित करतो, असे समजू. तेव्हा कोठेही दिसणारे तेज १ + ०.८ + ०.६४ + … म्हणजे ५ असले पाहिजे. मर्यादा ८ परावर्तनांची ठेवली, तर बेरीज ४.३३ वर थांबते आणि सुमारे १३ टक्के प्रकाश बुडतो. प्रति पिक्सेल नमुने कितीही वाढवले तरी दाणेदारपणा तेवढा जातो, आकडा ४.३३ च राहतो. परावर्तन ०.९५ असलेल्या पांढऱ्या भिंतींत याच मर्यादेने ६३ टक्के प्रकाश हरवतो. प्रकाशाचे योगदान ऋण नसल्यामुळे ही चूक नेहमी अंधाराच्याच बाजूने होते.

आता मर्यादा काढून q = ०.८ धरू. प्रत्येक टप्प्यावर ०.८ ने गुणले आणि ०.८ नेच भागले जात असल्याने वजन १ च राहते. मार्ग सरासरी ४ परावर्तने जगतो आणि उत्तराची सरासरी बरोबर ५ येते. किंमत मोजावी लागते ती प्रचरणाच्या रूपाने, म्हणजे नमुन्यांच्या विखुरण्याने. येथे ते २० आहे. भागाकार करायचा राहून गेला, तर सरासरी सुमारे २.७८ येते, आणि भट्टी चाचणीत ही चूक लगेच उघडी पडते.

q = ०.५ घेतल्यासही सरासरी ५ च राहते, परंतु जगलेल्या मार्गाचे वजन दर टप्प्याला १.६ पट होते. साधारण हजारातील एक मार्ग १० परावर्तने गाठतो, आणि तो २९० हून अधिक उत्तर देतो. या खोलीत प्रचरण सांत राहण्यासाठी q हा ०.८ च्या वर्गाहून, म्हणजे ०.६४ हून, मोठा हवा, ०.५ ला ते अनंत होते. पडद्यावर हे विखुरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ते घालवण्यासाठी नमुन्याच्या किमतीवर वरची मर्यादा लावली, की अभिनती मागील दाराने परत येते.

व्यवहारात म्हणूनच पहिली काही परावर्तने सोडतीविना जाऊ दिली जातात आणि नंतर q मार्गाच्या साठलेल्या वजनावरून, बहुधा त्याच्या सर्वांत मोठ्या रंगघटकावरून, ठरवला जातो. मित्सुबा या चित्रण-प्रणालीत `rr_depth` ही सोडतीची सुरुवात आणि `max_depth` ही कठोर मर्यादा आहे. दुसरीची किंमत `-1` ठेवल्यास मर्यादा उरत नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीतील सायकल्स या पाथ ट्रेसरमध्ये मात्र एकूण परावर्तनांची मूळ मर्यादा १२ असते. मर्यादा आणि रूले एकत्र असतील, तर अभिनती मर्यादेची तशीच राहते. वरील खोलीत ८ ची मर्यादा घातल्यास रूले असूनही सरासरी ४.३३ च येईल.

मर्यादेची अभिनती प्रतिमेत सारखी पसरतही नाही. एकामागे एक ठेवलेल्या तीन रिकाम्या काचेच्या बाटल्यांतून मागचा उजेड दिसायचा, तर प्रत्येक बाटलीच्या दोन भिंती आणि प्रत्येक भिंतीची दोन पृष्ठे मिळून मार्गाला १२ पृष्ठे ओलांडावी लागतात, आणि असे प्रत्येक ओलांडणेही मर्यादेत परावर्तनासारखेच मोजले जाते. मर्यादा ८ असेल, तर बाजूची भिंत जेमतेम मंद वाटते आणि बाटल्यांचा मध्यभाग काळा पडतो. शंका आल्यास मर्यादा ८ आणि ६४ ठेवून भरपूर नमुन्यांच्या दोन प्रतिमा काढाव्यात आणि त्यांची वजाबाकी पाहावी. दाण्यांच्या वर उरलेला सलग आकार हा बुडालेला प्रकाश होय.