मृत्युपत्रात नुसते ‘माझे घर’ आणि ‘माझी मुले’ लिहिले असेल तर

गुहागरकडच्या एका वाडीतले कल्पित उदाहरण घेऊ. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीच्या मृत्युपत्रात दोनच वाक्ये आहेत: ‘माझे घर माझ्या मुलांना समान मिळावे. कलमांची बाग माझ्या मुलग्यांना मिळावी.’ मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. घरे मात्र दोन, वाडीतले जुने चिरेबंदी आणि रस्त्यालगतचे नवे. भाऊ म्हणतात, मुले म्हणजे आम्हीच आणि दोन्ही घरे आमची. आई आणि बहिणीला हे मान्य नाही.

पहिली पायरी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी). मृत्यूचा दाखला, मूळ मृत्युपत्र, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सातबारा देऊन फेरफाराचा अर्ज होतो. घराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. नोटीस आली की बहिणीने लेखी हरकत घ्यावी. मग नोंद तक्रारी ठरते आणि सुनावणी होते. पण महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, मृत्युपत्राचा अर्थ लावणे हे दिवाणी न्यायालयाचेच काम. प्रोबेटमध्येसुद्धा मृत्युपत्र खरे आहे का, एवढेच तपासले जाते.

म्हणून घर ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथे घोषणेचा आणि वाटपाचा दावा लावावा. मृत्युपत्राने किंवा वारसाने हिस्सा मागणारा कोणीही तो लावू शकतो, बाकी सर्व वारसांना त्यात पक्षकार करावे लागते. साक्षांकन करणारा एक तरी साक्षीदार हयात असेल तर त्याला साक्षीला आणावे लागते.

अर्थ लावताना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. कलम 82 सांगते की शब्दाचा अर्थ संपूर्ण मृत्युपत्रातून काढायचा. वडिलांनी बागेसाठी ‘मुलग्यांना’ आणि घरासाठी ‘मुलांना’ लिहिले, म्हणजे फरक त्यांना ठाऊक होता. बहिणीचा हा मुद्दा माझ्या मते सर्वांत भक्कम आहे आणि दाव्यात तो अगदी आधी मांडावा.

घराचा प्रश्न वेगळा. शब्द स्वच्छ असूनही दोन वस्तूंना लागू पडत असेल, तर कलम 80 बाहेरचा पुरावा घेऊ देते. वडील कुठे राहत, कोणत्या घराला ‘आपले घर’ म्हणत, घरपट्टी आणि वीजबिल कोणाच्या नावावर होते, हे इथे उपयोगी पडते. नवे घर मृत्युपत्रानंतर बांधले म्हणून ते आपोआप वगळले जात नाही, कारण वर्णन सहसा मृत्यूच्या दिवशी जे त्यात बसते त्याला लागू होते. फक्त जुनेच घर ठरले, तर नवे घर आई आणि तिन्ही मुलांत समान वाटले जाईल.

मात्र मृत्युपत्रात जागाच कोरी सोडलेली असेल, तर ‘त्यांनी मला सांगितले होते’ या साक्षीने ती भरता येत नाही. कलम 81 ती वाट बंद करते.

घोषणेच्या दाव्याला हक्क नाकारला गेल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. फेरफाराचे अपील चालू आहे म्हणून ती थांबत नाही.